लाकडाचं वजन येतं कुठून? प्रकाशसंश्लेषणाचा पाठ, पाच पायऱ्यांनी

सातवीतल्या एखाद्या मुलाला विचारा, प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय? सूर्यप्रकाशात हरितद्रव्याच्या साहाय्याने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून वनस्पती आपलं अन्न तयार करतात, असं उत्तर तो एका दमात देईल. आता त्याच्या एका हातात चिंचोका द्या आणि दुसऱ्या हातात चिंचेच्या लाकडाचा ओंडका. एवढ्याशा बीचं एवढं मोठं झाड झालं, तर मधलं हे सगळं वजन आलं कुठून? आता उत्तर येतं, ‘मातीतून’. कुणी खताचं नाव घेतं, कुणी पाण्याचं. हवा फार क्वचित कुणाला आठवते. खरं तर मघाच्या व्याख्येत कार्बन डायऑक्साइडचं नाव त्याच मुलाने घेतलेलं असतं.

हा प्रश्न नुसत्या लहान मुलांचा नाही. ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या १९९७ सालच्या अमेरिकी माहितीपटात नामांकित विद्यापीठांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना बी आणि ओंडका दाखवून हेच विचारलं होतं. त्यांचीही उत्तरं माती आणि पाणी यांच्याच आसपास फिरत राहिली. व्याख्या पाठ असणं आणि झाड हवेतून घडतं हे पटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातलं अंतर कमी करायचं तर पाठाचा क्रम बदलावा लागतो. ‘फाइव्ह-ई’ नावाची पाठनियोजनाची पद्धत हा क्रमच बदलते.

क्रम बदलतो म्हणजे काय?

१९६२ साली मायरन अ‍ॅटकिन आणि रॉबर्ट कार्प्लस या दोघांनी विज्ञान शिकवण्याचं एक चक्र मांडलं. कार्प्लस मुळात भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की मुलांना आधी गोष्ट हाताळू द्यावी, मग तिच्यामागची संकल्पना सांगावी आणि शेवटी ती संकल्पना नव्या ठिकाणी वापरायला लावावी. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बीएससीएस या जीवशास्त्र अभ्यासक्रम संस्थेत रॉजर बायबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चक्राच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन पायऱ्या जोडल्या. त्यातून एंगेज, एक्स्प्लोअर, एक्स्प्लेन, इलॅबोरेट आणि इव्हॅल्युएट अशा पाच पायऱ्या झाल्या. आपण त्यांना कुतूहल, शोध, स्पष्टीकरण, विस्तार आणि मूल्यमापन म्हणू.

आपल्याकडे बी.एड.ला शिकवलं जाणारं पाठटाचण बहुतांशी हर्बार्टच्या पायऱ्यांवर बेतलेलं असतं. प्रस्तावनेत पूर्वज्ञानाचे दोन-चार प्रश्न होतात, मग हेतुकथन, मग विषयविवेचन. ‘आज आपण प्रकाशसंश्लेषण ही क्रिया शिकणार आहोत’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत येतं आणि शब्द फळ्यावर चढतो. प्रयोग झालाच तर नंतर होतो, सांगितलेलं खरं आहे हे दाखवण्यापुरता. फाइव्ह-ईमध्ये स्पष्टीकरण तिसऱ्या जागी आहे. त्यामुळे खाली दिलेल्या आराखड्यात ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द फळ्यावर यायला तिसरी तासिका उजाडते. तोवर मुलांकडे तो शब्द टेकवायला काहीतरी जमा झालेलं असतं.

सातवीचा चाळीस मुलांचा वर्ग धरू. तासिका चाळीस मिनिटांची, प्रयोगशाळा नाही, पण आवारात ऊन भरपूर. अशा वर्गासाठी आठवड्याभरात चार तासिकांचा पाठ नीट बसतो.

पहिली तासिका: प्रश्न लावून धरणं

कुतूहलाच्या पायरीसाठी शिक्षकाने फार काही आणायचं नाही. ओंडका, चिंचोका आणि चिठ्ठ्यांसाठी कोरे कागद पुरे. प्रत्येक मुलाने ‘ओंडक्याचं वजन कुठून आलं’ याचं उत्तर कारणासह दोन ओळींत लिहायचं. मग चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि उत्तरांचे गट फळ्यावर मांडायचे: माती, खत, पाणी, ऊन, हवा. प्रत्येक गटापुढे किती मुलं आहेत तो आकडा लिहायचा.

इथे शिक्षकाची खरी परीक्षा असते. ‘मातीतून’ म्हणणाऱ्याला ‘नाही रे बाळा, विचार कर’ म्हटलं की पायरी संपली. उरलेली मुलं लगेच शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर शोधू लागतात. म्हणून या तासिकेत कुठल्याही उत्तरावर बरोबर-चूक म्हणायचं नाही, उलट प्रश्न मात्र विचारायचे. मातीतून वजन येत असेल, तर कुंडीतलं झाड वाढताना कुंडीतली माती कमी का होत नाही? पाण्यातून येत असेल, तर लाकूड वाळवल्यावरही एवढं जड कसं राहतं? एखादी मुलगी म्हणेल, ‘बाई, हवेला वजनच नसतं, मग हवेतून कसं येईल?’ हे वाक्य तिच्याच शब्दांत फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं. तिसऱ्या तासिकेला त्याची गरज लागणार आहे.

चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत. शेवटच्या दिवशी याच चिठ्ठ्या मुलांच्या हाती परत द्यायच्या आहेत.

दुसरी तासिका: पालकाच्या चकत्या

शोधाच्या पायरीवर मुलांनी स्वतः काहीतरी करून पाहायचं असतं, आणि तेही निकाल आधी माहीत नसताना. प्रकाशसंश्लेषणासाठी इथे पानांच्या तरंगणाऱ्या चकत्यांचा प्रयोग फार उपयोगी पडतो. तो स्वस्त आहे, एका तासिकेत उरकतो आणि त्याचं उत्तर मोजता येतं.

पाच-पाच मुलांचे आठ गट करावेत. प्रत्येक गटाला पालकाची दोन-तीन ताजी पानं, दहा मिलीची सुई नसलेली सिरिंज, तीन काचेचे ग्लास आणि कागदाला भोकं पाडायचा पंच द्यायचा. पंच नसेल तर जाड स्ट्रॉने चकत्या कापता येतात. शिक्षकाने दोन द्रावणं आधीच करून ठेवावीत. पहिल्यात अर्धा लिटर पाण्याला एक ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे साधारण पाव छोटा चमचा, आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. दुसऱ्यात तेवढंच पाणी आणि तोच साबणाचा थेंब, पण सोडा नाही. साबणामुळे पानाच्या मेणचट पृष्ठभागातून द्रावण आत शिरतं. फेस येऊ लागला तर साबण जास्त झाला असं समजावं.

आता मधली शीर टाळून पानांच्या तीस चकत्या काढायच्या. त्यांतल्या दहा सिरिंजमध्ये टाकून, चुरगळणार नाहीत इतपत दट्ट्या आत ढकलायचा आणि सोड्याचं पाच मिली द्रावण ओढून घ्यायचं. सिरिंज उभी धरून आतली हवा बाहेर काढायची, टोकावर बोट घट्ट दाबायचं आणि दट्ट्या मागे खेचून दहा सेकंद धरून ठेवायचा. पानाच्या आत पेशींच्या मधे हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडताना दिसते. बोट सोडलं की तिच्या जागी द्रावण शिरतं. दोन-तीनदा असं केलं की एरवी तरंगणाऱ्या चकत्या तळाशी बसतात. अशा दहा चकत्या सोड्याच्या द्रावणात घालून एक ग्लास उन्हात ठेवायचा. तशाच दुसऱ्या दहा सोड्याच्याच द्रावणात, पण काळ्या कागदाने सगळीकडून झाकून उन्हातच ठेवायच्या. उरलेल्या दहांसाठी सिरिंजमध्येही आणि ग्लासातही बिनसोड्याचं पाणी घ्यायचं, आणि हा तिसरा ग्लासही उन्हात.

मग घड्याळ लावून बसायचं. दर मिनिटाला उघड्या ग्लासांतल्या किती चकत्या वर आल्या ते वहीत लिहायचं. कडेला चिकटलेल्या चकत्या सुटाव्यात म्हणून ग्लास हलकेच हलवायचा. सोडा आणि ऊन दोन्ही मिळालेल्या ग्लासात काही मिनिटांतच चकत्यांच्या कडांना बारीक बुडबुडे दिसू लागतात, आणि मग एकेक चकती तळ सोडून वर येते. चांगलं ऊन असेल तर पाच ते पंधरा मिनिटांत बहुतेक चकत्या वर आलेल्या असतात. दहापैकी पाच वर यायला लागलेला वेळ हा त्या गटाचा निकाल. झाकलेला ग्लास शेवटी उघडायचा. त्यातल्या चकत्या तळाशीच असतात.

वर्गात हा प्रयोग बिघडतो तो ठरावीक ठिकाणी. चकत्या बुडतच नसतील तर हवा पुरती निघालेली नसते. बोटाची पकड घट्ट करून पुन्हा खेचावं. बाजारातून आणलेला पालक मलूल असेल तर चकत्या वर येत नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळी जुडी पाण्यात उभी करून ठेवावी. तिसरी अडचण आपल्याकडे हमखास येते. गावात बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर बिनसोड्याच्या ग्लासातल्या चकत्याही हळूहळू वर येतात. अशा पाण्यात बायकार्बोनेट मुळातच विरघळलेलं असतं, म्हणजे थोडा सोडा आधीच घातल्यासारखं होतं. यावर उपाय म्हणजे साठवलेलं पावसाचं पाणी किंवा फिल्टरचं आरओ पाणी वापरणं. झाकलेल्या ग्लासातल्या चकत्याही वर आल्या, तर मात्र हवा आत राहिली होती असं धरून तो निकाल बाजूला ठेवावा.

या तासिकेत शिक्षकाने ‘हा ऑक्सिजन’ असं म्हणायचं नाही. मुलांनी वहीत फक्त पाहिलेलं लिहायचं: ऊन आणि सोडा दोन्ही असताना पानातून कसलातरी वायू निघतो, दोघांपैकी एक काढून घेतलं तर निघत नाही किंवा फारच कमी निघतो.

तिसरी तासिका: आता शिक्षकाने बोलायचं

फाइव्ह-ईबद्दल एक मोठा गैरसमज आहे. मुलांनी सगळं स्वतःच शोधायचं आणि शिक्षकाने नुसतं बाजूला उभं राहायचं, असं अनेकांना वाटतं. प्रकाशसंश्लेषणाच्या पाठात हे शक्यच नाही. चकत्यांच्या प्रयोगाने वायू निघतो एवढंच दिसतं. तो ऑक्सिजन आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. पानात साखर तयार झाली हे तर मुळीच दिसत नाही. स्पष्टीकरणाच्या पायरीवर शिक्षकाने स्पष्ट आणि नेमकं सांगायलाच हवं. फक्त आधी मुलांना बोलू द्यायचं. प्रत्येक गटाने आपला निकाल मांडायचा आणि सोडा कशाला लागला असेल याचा तर्क करायचा. मग शिक्षकाने सांगायचं की सोड्यातून पानाला कार्बन डायऑक्साइड मिळाला, निघालेला वायू ऑक्सिजन होता, आणि या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. शब्द आता फळ्यावर येतो.

राहिली साखर. तिच्यासाठी आयोडीनची चाचणी लागते, आणि तिची तयारी तीन दिवस आधी सुरू होते. कुंडीतलं घेवड्याचं रोप दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवायचं, म्हणजे पानात साठलेला स्टार्च संपतो. तिसऱ्या दिवशी सकाळी एका पानाचा मधला पट्टा काळ्या कागदाने दोन्ही बाजूंनी झाकून रोप उन्हात ठेवायचं. दुपारी ते पान तोडून एक मिनिट उकळत्या पाण्यात धरायचं. मग स्पिरिट भरलेल्या परीक्षानळीत घालून ती नळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायची. स्पिरिट पेट घेतं, म्हणून त्याआधी शेगडी विझवलेली हवी आणि हे काम शिक्षकानेच करावं. हिरवा रंग उतरून पान फिकट झालं की ते धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाकायचे. उन्हात राहिलेला भाग निळा-काळा होतो, कारण तिथे साखरेचा स्टार्च होऊन साठलेला असतो. पट्ट्याखालचा भाग तपकिरी-पिवळा राहतो. कांद्याची पात मात्र घेऊ नये. कांदा पातीत स्टार्च साठवत नाही, त्यामुळे तिथे सगळं घडूनही चाचणी ‘नाही’ म्हणते.

आता फळ्याच्या कोपऱ्यातलं ते वाक्य: हवेला वजनच नसतं. ते तसंच राहिलं तर सगळा पाठ वरवरचा राहतो, कारण ज्या वस्तूला वजन नाही तिच्यापासून ओंडका कसा होईल? इथे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणावा. एका मोठ्या भांड्यात २०० मिली व्हिनेगर घ्यावं, शेजारी कागदावर दहा ग्रॅम सोडा ठेवावा, आणि दोन्ही एकत्र काट्यावर ठेवून वजन फळ्यावर लिहावं. मग सोडा थोडा थोडा व्हिनेगरमध्ये घालायचा आणि रिकामा कागद पुन्हा काट्यावर ठेवायचा. फसफसून झालं की वजन चार-पाच ग्रॅमने उतरलेलं दिसतं. सांडलं काहीच नाही. जे गेलं तो कार्बन डायऑक्साइड होता, आणि जाताना तो आपलं वजन घेऊन गेला. आकडा उतरताना मुलांनी स्वतः पाहिला की ‘वायूला वजन असतं’ हे पुन्हा पाठ करून घ्यावं लागत नाही.

दुसरा पुरावा चुलीत असतो. मोठा ओंडका पुरता जळला की ओंजळभर राख उरते. जळताना कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला आणि पाण्याची वाफ झाली. कॅल्शियम, पोटॅशियम यांसारखी मातीतून आलेली खनिजं तेवढी राखेत राहिली. ती वजनाने थोडी असली तरी झाडाला लागतातच. नायट्रोजनही मुळं मातीतूनच घेतात, पण जळताना तोही हवेत जातो. तेव्हा मातीचा वाटा शून्य नाही. ओंडक्याच्या वजनात मात्र तो अगदी थोडा असतो.

मग मुलं नक्की विचारतील की हवेत एवढा कार्बन आहे तरी कुठे. हिशेब फळ्यावर मांडता येतो. आजच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण आकारमानाने सुमारे ०.०४ टक्के आहे. एक घनमीटर हवेत तो पाऊण ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि त्यातला कार्बन जेमतेम ०.२ ग्रॅम. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो. म्हणजे एक किलो लाकडासाठी अर्धा किलो कार्बन, आणि तेवढ्यासाठी सुमारे अडीच हजार घनमीटर हवा लागली. वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच वर्गखोली धरली, तर ही वीस-बावीस खोल्यांतली हवा झाली. झाडाला इतकी पानं का लागतात आणि प्रत्येक पानावर इतकी पर्णरंध्रं का असतात, याचं उत्तर याच हिशेबात आहे.

सूत्र द्यायचं तर इथे द्यावं: 6CO₂ + 6H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂. आता त्यातल्या प्रत्येक पदाला मुलांनी पाहिलेला किंवा मोजलेला काहीतरी संदर्भ आहे. पण हरितलवकाच्या आत प्रकाशाने नेमकं काय होतं, साखर टप्प्याटप्प्याने कशी बांधली जाते, हे पालकाच्या चकत्यांनी शोधता येत नाही. तो भाग वरच्या इयत्तांत आकृतीने आणि वाचनानेच शिकायचा असतो. फाइव्ह-ईला मर्यादा आहे ती इथे.

चौथी तासिका: नव्या ठिकाणी वापरून पाहणं

विस्ताराच्या पायरीवर तीच संकल्पना वेगळ्या ठिकाणी नेऊन टिकते का ते पाहायचं. इथे मुलांच्या मनातला दुसरा मोठा गैरसमज हाताळता येतो. माणसं श्वसन करतात आणि झाडं त्याऐवजी प्रकाशसंश्लेषण करतात, असं बऱ्याच मुलांना वाटतं. काहींना वाटतं, झाडं फक्त रात्री श्वसन करतात.

त्या दिवशी सकाळी दोन गटांनी पुन्हा चकत्यांचे ग्लास लावायचे. चकत्या वर आल्या की एक ग्लास कपाटात बंद करायचा, दुसरा उजेडात ठेवायचा. दोन-तीन तासांनी तासिकेत कपाट उघडायचं. अंधारातल्या ग्लासात काही चकत्या पुन्हा तळाशी गेलेल्या दिसतात. पानाच्या पेशी श्वसनासाठी ऑक्सिजन वापरतच असतात. उन्हात ऑक्सिजन वापरला जातो त्यापेक्षा जास्त तयार होतो, म्हणून शिल्लक उरते. अंधारात तयार होणं थांबतं आणि वापर चालू राहतो. चकत्या वर येण्याइतकं हे ठसठशीत दिसत नाही. काही ऑक्सिजन पाण्यातही विरघळतो, त्यामुळे सगळ्या चकत्या बुडतीलच असं नाही. म्हणून हा निकाल सगळ्या गटांचा मिळून पाहावा.

यावरून एक घरोघरी ऐकू येणारं विधान तपासायला द्यावं: पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो. मुलांनी आपल्या नोंदींच्या आधारे त्यावर बोलायचं. शिक्षकाने शेवटी एवढंच सांगायचं की हा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूचं विघटन होऊन सुटतो आणि त्या विघटनाला प्रकाश लागतोच. त्यामुळे काळोखात कुठलंच झाड ऑक्सिजन बनवून बाहेर सोडत नाही.

मूल्यमापन: ऊस आणि विलोचं झाड

मूल्यमापनाची पायरी शेवटी लिहिलेली असली तरी खरं मोजमाप पहिल्या चिठ्ठीपासूनच चालू असतं. ‘प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या लिहा’ असा प्रश्न इथे उपयोगाचा नाही, कारण गैरसमज तसाच ठेवूनही त्याचं बिनचूक उत्तर देता येतं. पहिल्या तासिकेतला प्रश्न नव्या वेषात पुढे ठेवणं जास्त बरं.

ऊस पिकवणाऱ्या गावात असा प्रश्न विचारता येईल. एका एकरातून दर हंगामाला तीस-चाळीस टन ऊस गाडीत भरून कारखान्याला जातो. शेतात घातलेलं खत मात्र किलोंत मोजावं लागतं. मग एवढ्या वर्षांत शेताचा खड्डा का झाला नाही? चांगल्या उत्तरात तीन गोष्टी दिसायला हव्यात. उसाच्या वजनातला मोठा भाग, सुमारे ७० टक्के, पाण्याचा असतो. उरलेली साखर आणि चिपाड मुख्यतः हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आणि पाण्यापासून बनतात. खत थोडं लागतं पण लागतंच, कारण नायट्रोजनसारखी द्रव्यं हवेतून थेट घेणं उसाला जमत नाही. फक्त पाणी लिहिणाऱ्या मुलाला काट्यावरचा प्रयोग पुन्हा दाखवावा. ‘खत म्हणजे झाडाचं अन्न’ लिहिणाऱ्याशी राखेबद्दल बोलावं. चूक कुठली आहे हे कळलं की कुठे परत जायचं तेही कळतं.

वरच्या गटातल्या मुलांना यान बाप्टिस्टा फान हेल्माँट यांचा प्रयोग द्यावा. त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, तो प्रसिद्ध झाला. त्यांनी सुमारे ९० किलो वाळलेल्या मातीत सव्वादोन किलोंचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७७ किलोंच्या आसपास भरलं, माती जेमतेम ५७ ग्रॅमने घटली. त्यावरून त्यांनी ठरवलं की झाड पाण्यापासून बनतं. मुलांना विचारावं, यातलं कुठलं मोजमाप बरोबर आहे आणि कुठला निष्कर्ष चुकला? कोळसा जळताना निघणारा वायू फान हेल्माँट यांनी स्वतः ओळखला होता. तरी झाडाच्या वाढीशी त्याचं नातं त्यांच्या ध्यानात आलं नाही. याच वेळी मुलांना त्यांच्या पहिल्या दिवसाच्या चिठ्ठ्या परत द्याव्यात आणि प्रत्येकाने खाली लिहावं: माझं मत बदललं का, आणि कशामुळे.

पाठ कुठे फसतो

फाइव्ह-ईचं टाचण कागदावर सुंदर दिसूनही वर्गात फसू शकतं. सगळ्यात जास्त तडजोड दुसऱ्या पायरीवर होते. वेळ नाही म्हणून शिक्षक टेबलावर एकच ग्लास ठेवून चकत्या स्वतः दाखवतो आणि आधीच सांगून टाकतो की आता या वर येतील. मग तो शोध राहत नाही, प्रात्यक्षिक होतं, आणि पुढच्या स्पष्टीकरणाला मुलांचा स्वतःचा अनुभव मिळत नाही. फसलेला पाठ ओळखायची खूण सोपी आहे. तिसऱ्या तासिकेला शिक्षकाने ‘सोडा कशाला लागला असेल?’ असं विचारल्यावर वर्ग गप्प राहिला, तर दुसरी तासिका झालेलीच नाही असं समजावं.

वेळेचा प्रश्न खरा आहे. एका तासिकेत उरकणारा घटक चार तासिका घेतो, आणि प्रत्येक घटकाला एवढा वेळ देणं कुठल्याही शाळेला परवडणार नाही. पण प्रकाशसंश्लेषण कळलं नाही तर अन्नसाखळी, श्वसन, हवामानबदल यांतलं काहीच नीट कळत नाही. या घटकावर चार तासिका खर्च कराव्यात आणि ज्यात नुसती माहिती आहे अशा दुसऱ्या घटकातून त्या वाचवाव्यात. आणि टाचण वहीत हा पाठ लिहायला बसाल तेव्हा व्याख्येच्या आधी एक रकाना आखा: वजनाच्या प्रश्नाला माझ्या वर्गातली मुलं काय उत्तर देतील? तो रकाना भरता आला की बाकीच्या चार पायऱ्या कशासाठी आहेत हे आपोआप कळेल.